निविदेसोबतचं कव्हर लेटर: पात्रतेच्या प्रत्येक अटीला उत्तर कसं द्यायचं

निविदेचा तांत्रिक लिफाफा उघडला की मूल्यमापन समितीसमोर दोन गोष्टी असतात. एक, त्यांनीच निविदेत छापलेली पात्रता अटींची यादी. आणि दुसरी, तुमचा दोन-अडीचशे पानांचा संच. समितीचं काम ठरलेलं असतं. एकेक अट घ्यायची, तिचा पुरावा शोधायचा आणि समोर ‘आहे’ किंवा ‘नाही’ लिहायचं. तुमचं कव्हर लेटर हे काम किती सोपं करतं, त्यावर त्याचा उपयोग ठरतो. कंपनीची स्थापना, ध्येय, ग्राहकांचा विश्वास यांवर दोन परिच्छेद लिहिलेले असतील तर ते कुणी वाचत नाही. ‘अट 4.2, पूर्तता होते, पुरावा पान 37’ एवढी ओळ मात्र नक्की वाचली जाते.

एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवा. पत्राने काहीही सिद्ध होत नाही. सिद्ध होतं ते जोडलेल्या कागदांनी. पत्र फक्त बोट दाखवतं: हे विधान, हा कागद, हे पान. विधान आणि कागद यांच्यात फरक निघाला तर समिती कागदावर विश्वास ठेवते आणि तुमच्या बाकीच्या विधानांकडेही संशयाने पाहू लागते. म्हणून पत्र लिहिताना शब्दांची सजावट नको, जुळणी हवी.

पहिलं काम: ठरावीक नमुना आहे का ते पाहा

बऱ्याच निविदांमध्ये पत्राचा नमुना परिशिष्टात दिलेला असतो. तसा असेल तर तोच वापरायचा, शब्दशः. जागतिक बँकेच्या प्रमाण निविदा दस्तऐवजांत तर निविदापत्राचा मजकूर न बदलता भरायचा असतो. त्यात निविदा दस्तऐवज तपासला आहे आणि त्याबद्दल कोणताही राखीवपणा नाही, असं लिहून द्यावं लागतं. अशा नमुन्यात तुम्ही एखादं वाक्य ‘सुधारलं’ तर अट नाकारल्यासारखं दिसू शकतं. नमुना जसाच्या तसा भरा आणि अटवार पूर्ततेचा तक्ता वेगळं सहपत्र म्हणून जोडा. नमुनाच नसेल तर तक्ता पत्राच्या पोटातच येतो. पुढचं सगळं दोन्ही बाबतींत सारखंच लागू आहे.

दुसरं काम: अटी गोळा करा आणि फोडा

नवखा माणूस ‘पात्रता निकष’ हे प्रकरण उघडतो, त्यातल्या आठ अटी उतरवून घेतो आणि यादी झाली असं समजतो. पण अटी विखुरलेल्या असतात. एखादी निविदा सूचनेत असते, एखादी निविदाकारांसाठीच्या सूचनांमध्ये, तर एखादी विशेष अटींच्या शेवटच्या पानावर, ‘निविदाकाराकडे अमुक परवाना असणे बंधनकारक राहील’ अशा आडवळणाच्या वाक्यात. शिवाय शुद्धिपत्रकं आणि निविदापूर्व बैठकीतल्या प्रश्नांची उत्तरं असतात. शुद्धिपत्रकात उलाढालीची मर्यादा बदललेली असेल आणि तुम्ही जुन्या आकड्यासमोर ‘पूर्तता होते’ लिहिलं असेल, तर शुद्धिपत्रक वाचलंच नाही हे तुम्हीच लिहून दिल्यासारखं होतं. म्हणून सगळा दस्तऐवज एकदा फक्त ‘असावा’, ‘असणे आवश्यक’, ‘बंधनकारक’ हे शब्द शोधत वाचून काढा. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही.

यादी झाली की अटी फोडायच्या. खरं कौशल्य इथे लागतं. एक उदाहरण घेऊन सविस्तर पाहू. एका रुग्णालयाच्या इमारतींच्या सफाई सेवेची निविदा आहे आणि ती दाखल करण्याची अंतिम तारीख 20 जून 2025 आहे, असं धरू. त्यातली अनुभवाची अट अशी:

‘निविदाकाराने अंतिम दिनांकापूर्वीच्या 5 वर्षांत रुग्णालयातील समान स्वरूपाचे, किमान 80 लाख किमतीचे एक काम समाधानकारकरीत्या पूर्ण केलेले असावे.’

वाक्य एक आहे, पण त्यात सात प्रश्न आहेत. काम निविदाकाराच्याच नावावर आहे का, की भागीदाराच्या, जुन्या फर्मच्या किंवा भगिनी कंपनीच्या? ते 20 जून 2020 नंतरच्या 5 वर्षांत बसतं का? रुग्णालयातलंच आहे का? स्वरूप समान आहे का? एकाच कामाची किंमत 80 लाख आहे, की दोन कामं मिळून? काम पूर्ण झालंय, की चालू आहे? आणि ‘समाधानकारक’ असं देणाऱ्या संस्थेने लिहून दिलंय का? या सातांपैकी एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर अट पूर्ण होत नाही, मग बाकीचे सहा कितीही भक्कम असोत.

आता निविदाकाराकडे काय आहे ते बघू. त्याने एका रुग्णालयात 1 एप्रिल 2021 ते 31 मार्च 2024 असं तीन वर्षं काम केलं. कार्यादेशाची रक्कम 96 लाख. पण मधल्या काळात रुग्णालयाची एक इमारत दुरुस्तीसाठी बंद राहिली, त्यामुळे अंतिम देयक 84 लाखांचं झालं, आणि कार्यपूर्णता प्रमाणपत्रात 84 लाखच लिहिले आहेत. नवखा माणूस पत्रात 96 लाख लिहितो, कारण आकडा मोठा दिसतो. समिती प्रमाणपत्र उघडते, तिथे 84 दिसतात. अट तर 84 लाखांतही पूर्ण होत होती! तरीही आता स्पष्टीकरण मागवलं जाणार, किंवा त्याहून वाईट म्हणजे, चुकीची माहिती दिली अशी नोंद होणार. योग्य नोंद अशी:

‘अट 4.2 (अनुभव): पूर्तता होते. रुग्णालय इमारतींची सफाई सेवा, निविदाकाराच्या स्वतःच्या नावे, कालावधी 1 एप्रिल 2021 ते 31 मार्च 2024. कार्यादेश 96 लाख (पान 41). प्रत्यक्ष झालेल्या कामाची अंतिम रक्कम 84 लाख, करांसह. ‘काम समाधानकारक’ असा उल्लेख असलेले कार्यपूर्णता प्रमाणपत्र पान 44. कार्यादेश व अंतिम रक्कम यांतील फरक एक इमारत बंद राहिल्यामुळे. त्याबाबतचे ग्राहकाचे पत्र पान 46.’

सातही प्रश्नांची उत्तरं या पाच-सहा वाक्यांत आली आहेत. जिथे शंका निघणार होती तिथे आपणच आधी बोट ठेवलं आहे. ‘करांसह’ हा शब्दही मुद्दाम आहे. कर वगळून रक्कम 80 लाखांच्या खाली जात असेल तर किंमत करांसह धरायची की करांशिवाय, हे निविदेत काय लिहिलंय ते तपासावं लागतं, आणि लिहिलेलं नसेल तर प्रश्न विचारण्याच्या मुदतीतच लेखी विचारून घ्यावं लागतं.

आणखी एक सापळा चालू कामांचा. तीन वर्षांच्या कंत्राटाची दोन वर्षं झाली, त्यात 90 लाखांचं काम झालं, मग ते ‘पूर्ण केलेलं काम’ धरायचं का? काही निविदांमध्ये चालू कामाचा पूर्ण झालेला भाग चालतो आणि तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर तो भाग चालेल असं गृहीत धरू नका.

आकड्यांची अट: हिशेब पत्रातच दाखवा

उलाढालीची अट बहुधा अशी असते: मागील 3 आर्थिक वर्षांची सरासरी वार्षिक उलाढाल किमान 60 लाख. इथे ‘आमची उलाढाल अटीपेक्षा जास्त आहे’ असं लिहून भागत नाही. तिन्ही वर्षांचे आकडे, बेरीज आणि सरासरी लिहा, म्हणजे समितीला गणकयंत्र काढावं लागणार नाही.

आपल्या उदाहरणातल्या निविदाकाराचे नफा-तोटा पत्रकातले एकूण उत्पन्नाचे आकडे 52, 61 आणि 73 लाख आहेत. बेरीज 186, सरासरी 62. अट पूर्ण झाली असं वाटतं. पण लेखापरीक्षकाच्या प्रमाणपत्रात तिसऱ्या वर्षाची उलाढाल 70 लाख लिहिली आहे, कारण उरलेले 3 लाख बँकेतल्या ठेवीवरचं व्याज आहे आणि ते व्यवसायाच्या उलाढालीत येत नाही. मग खरी बेरीज 183 आणि सरासरी 61. अट अजूनही पूर्ण होते, पण पत्रात 62 लिहिलं असतं तर पत्र आणि प्रमाणपत्र एकमेकांशी भांडले असते. लिहायचं असं:

‘अट 4.3 (उलाढाल): पूर्तता होते. 52 + 61 + 70 = 183 लाख; सरासरी 61 लाख. लेखापरीक्षकाचे प्रमाणपत्र पान 52. लेखापरीक्षित पत्रके पान 53 ते 88. तिसऱ्या वर्षाच्या पत्रकातील 73 लाखांमध्ये 3 लाख व्याज समाविष्ट असून ते उलाढालीत धरलेले नाही.’

कोणती तीन वर्षं, हाही नेहमीचा घोळ. आर्थिक वर्ष संपून दोन-तीन महिनेच झालेले असतील तर ताज्या वर्षाचं लेखापरीक्षण बाकी असतं. निविदेत वर्षांची नावं दिलेली असतील तर प्रश्न नाही. नुसतं ‘मागील 3 वर्षे’ असेल तर लेखापरीक्षण न झालेलं वर्ष धरायचं की त्याआधीची तीन घ्यायची, हे निविदापूर्व प्रश्नांत विचारा आणि आलेल्या उत्तराचा क्रमांक पत्रात त्या अटीसमोर लिहा.

नकारार्थी अटी आणि मुदती

‘काळ्या यादीत टाकलेले नसावे’ ही अट जवळपास प्रत्येक निविदेत असते आणि तिचं उत्तर सवयीने लिहिलं जातं: ‘आम्ही सध्या कोणत्याही काळ्या यादीत नाही.’ आता अटीचे शब्द परत वाचा. ‘मागील 3 वर्षांत कोणत्याही संस्थेने काळ्या यादीत टाकलेले नसावे’ असं असेल तर ‘सध्या’ हा शब्द अटीला उत्तरच देत नाही. दोन वर्षांपूर्वी बंदी होती आणि ती आता संपली, असा निविदाकारही ‘सध्या नाही’ असं खरेपणाने लिहू शकतो. म्हणून नकारार्थी अटीत अटीचीच शब्दरचना उचला, काळासकट. प्रतिज्ञापत्राचा मजकूरही त्याच शब्दांत हवा आणि त्याची तारीख निविदा सूचनेनंतरची हवी. मागच्या निविदेसाठी केलेलं प्रतिज्ञापत्र पुन्हा लावणं हे नाकारलं जाण्याचं नेहमीचं कारण आहे.

परवाने आणि नोंदण्यांसमोर नुसतं ‘जोडले आहे’ न लिहिता वैधतेची तारीख लिहा. परवाना 30 जूनला संपत असेल तर 20 जूनला तो वैधच आहे. पण निविदा 120 दिवस वैध ठेवायची असेल, म्हणजे 18 ऑक्टोबर 2025 पर्यंत, तर समितीच्या मनात प्रश्न येणारच. नूतनीकरणाचा अर्ज केलेला असेल तर त्याची पोच जोडा आणि पान क्रमांक द्या. बयाणा रकमेची बँक हमी असेल तर तिच्या मुदतीकडे अधिकच लक्ष द्या. हमी निविदेच्या वैधतेनंतर आणखी 28 दिवस चालू राहावी अशी अट असेल तर ती 15 नोव्हेंबरपर्यंतची हवी. बँकेने सवयीने वैधतेच्या तारखेपर्यंतचीच हमी दिली आणि पत्रात ‘अटीनुसार’ असं लिहिलं, तर ही चूक निविदा उघडल्यावरच समोर येते, आणि तोवर बहुधा उशीर झालेला असतो. दिवस मोजून, तारीख काढून, पत्रात तारीखच लिहा.

जे शब्द निविदा बाद करू शकतात

पात्रतेचं पत्र बिनशर्त असावं लागतं. जागतिक बँकेच्या दस्तऐवजांत निविदा प्रतिसादक्षम आहे का हे ठरवताना तीन दोष पाहिले जातात आणि मला ही विभागणी कोणत्याही निविदेसाठी उपयोगी वाटते. पहिला विचलन: मागितलं एक, देऊ केलं दुसरं. दुसरा राखीवपणा: मान्य आहे, पण आमच्या एका अटीवर. तिसरा वगळणूक: मागितलेली माहिती किंवा कागद दिलेलाच नाही.

कव्हर लेटरमध्ये सर्वांत जास्त शिरतो तो राखीवपणा, आणि तोही सौजन्याच्या वेशात. ‘वेळेवर देयके मिळण्याच्या अधीन राहून सर्व अटी मान्य आहेत.’ ‘शक्यतो दिलेल्या मुदतीत.’ ‘परस्परसंमतीने ठरेल त्याप्रमाणे.’ लिहिणाऱ्याला हे व्यवहारी वाटतं, वाचणाऱ्याला ती सशर्त निविदा दिसते. ‘काम मिळाल्यास प्रमाणपत्र सादर करू’ ही वगळणूक आहे, कारण पात्रता निविदेच्या दिवशी मोजली जाते, काम मिळाल्यानंतर नाही. निविदेतच ‘काम मिळाल्यावर सादर करावे’ असं लिहिलेलं असेल तेवढाच अपवाद. तेव्हा त्या कलमाचा क्रमांक द्यायचा.

आणि एखादी अट खरोखरच पूर्ण होत नसेल तर? शब्दांनी ती झाकता येत नाही आणि झाकण्याचा प्रयत्नही करू नये. खोटं विधान सिद्ध झालं तर बयाणा रक्कम जप्त होऊ शकते आणि पुढच्या निविदांवर बंदी येऊ शकते. एक काम गेल्यापेक्षा ते किती तरी महाग पडतं. प्रश्न विचारण्याची मुदत शिल्लक असेल तर अट शिथिल करण्याची विनंती लेखी करता येते. निविदेत संयुक्त भागीदारीला परवानगी असेल तर ज्याच्याकडे तो अनुभव आहे त्याच्यासोबत जाता येतं. मात्र मग कोणती अट कोणता भागीदार पूर्ण करतो, हे तक्त्यात अटवार लिहावं लागतं. यातलं काहीच शक्य नसेल तर ही निविदा सोडा.

पत्राचा सांगाडा

अटवार भाग तयार झाला की बाकीचं पत्र लहान असतं. प्रति, म्हणजे निविदा सूचनेत दिलेलं पदनाम आणि पत्ता, जसाच्या तसा. विषयात निविदा क्रमांक आणि कामाचं पूर्ण नाव, तेही सूचनेत आहे तसंच. पहिल्या परिच्छेदात एवढंच: निविदा दस्तऐवज आणि शुद्धिपत्रक क्रमांक 1 व 2 वाचले असून ते मान्य आहेत. शुद्धिपत्रकं क्रमांकाने आणि तारखेने लिहा. ‘सर्व शुद्धिपत्रके’ असं मोघम लिहू नका. मग अटवार पूर्तता. त्यानंतर वैधतेची तारीख, बयाणा रकमेचा तपशील आणि सही.

सही कोणाची, हे किरकोळ वाटतं पण नसतं. अधिकारपत्रात किंवा संचालक मंडळाच्या ठरावात ज्याचं नाव आहे त्याचीच सही पत्रावर, प्रतिज्ञापत्रावर आणि बाकी संचावर हवी. नावाखाली पद लिहा आणि अधिकारपत्राचा पान क्रमांकही द्या. ऑनलाइन निविदेत डिजिटल स्वाक्षरीही त्याच व्यक्तीची असलेली बरी. नाहीतर सही एकाची आणि अपलोड दुसऱ्याच्या नावाने, असा प्रश्न उभा राहतो.

दोन लिफाफ्यांच्या पद्धतीत या पत्रात दराचा एकही आकडा येता कामा नये. थेट दर कुणी लिहीत नाही, पण ‘अंदाजपत्रकापेक्षा 6 टक्के कमी दराने’ असं उत्साहात लिहिलेलं वाक्यही दर उघड करतं, आणि तेवढ्यावर निविदा बाद होऊ शकते.

पान क्रमांक सर्वांत शेवटी

तक्ता लिहिताना पान क्रमांकांची जागा मोकळी ठेवा. सगळे कागद तक्त्यातल्या अटींच्या क्रमाने लावा, पत्रापासून सुरुवात करून पूर्ण संचाला सलग क्रमांक द्या आणि मगच तक्त्यात आकडे भरा. ताळेबंदावर आधीच छापलेले स्वतःचे पान क्रमांक असतात, ते गोंधळ घालतात. म्हणून संचाचा क्रमांक प्रत्येक पानाच्या एकाच कोपऱ्यात, ठळक टाका. पीडीएफ बनवताना फाइलमधलं पान आणि कागदावरचा क्रमांक एकच येईल असं पाहा. समिती 44 टाइप करून थेट पान उघडते, आणि तिथे 41 क्रमांकाचं पान निघालं तर पुढचे सगळे संदर्भ चुकलेले दिसतात. शेवटच्या घटकेला एखादा कागद मध्ये घालावा लागला तर ‘44-अ’ असा क्रमांक देऊन चालवून घेऊ नका, कारण फाइलमधली पानं तरीही पुढे सरकतात. सगळं पुन्हा क्रमांकित करा आणि तक्ता पुन्हा भरा.

मग संच अशा सहकाऱ्याला द्या ज्याने तो बनवण्यात भाग घेतलेला नाही. त्याच्या एका हातात निविदेतली अटींची मूळ यादी, दुसऱ्या हातात तुमचं पत्र. त्याने प्रत्येक अट वाचायची, पत्रात दिलेलं पान उघडायचं आणि अटीतला प्रत्येक शब्द त्या पानावर सापडतो का ते पाहायचं. त्याने तुम्हाला विचारायचं नाही आणि तुम्ही त्याला समजावून सांगायचं नाही. जिथे तो अडेल तिथे समितीही अडेल, आणि ती ओळ अंतिम तारखेच्या किमान एक दिवस आधी दुरुस्त झालेली हवी, कारण शेवटच्या तासाला पोर्टल संथ झालं तर दुरुस्ती करायलाही वेळ उरत नाही.